उशिराचं कारण

पार्लरवाली माझ्या ऑफिसात आली ती एका म्हाताऱ्याच्या शर्टाची बाही धरूनच. सोडली तर पळून जाईल की काय, अशी तिने ती धरली होती. म्हातारा पळण्यातला नव्हता. जिना चढून त्याला धाप लागली होती आणि बसायला कुठे खुर्ची आहे का ते तो बघत होता.

"मॅडम, हाच तो," ती म्हणाली. "ह्यांच्याच साक्षीवर माझ्या भावाला दहा वर्षांची शिक्षा झाली. आता हे खरं सांगायला तयार आहेत. उभे करा ह्यांना वरच्या कोर्टात."

मी डोक्याला हात लावला. पंचवीस वर्षं मी अपिलं चालवते आणि पंचवीस वर्षं लोकांना वाटत आलंय की अपील म्हणजे तोच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून, फक्त थिएटर मोठं.

"बसा दोघंही," मी म्हटलं. "आधी मला सांगा, निकाल कधी लागला?"

तिने तारीख सांगितली. मी मनात हिशेब केला आणि माझा आवाज चढला. "अहो बाई, अपिलाला दोन महिने असतात. तुम्ही पाचव्या महिन्यात येताय! निकालाची नक्कल तर आरोपीला त्याच दिवशी फुकट मिळते. कुठे होती ती?"

"पार्लरच्या कपाटात. मला वाटलं, आधी ह्यांना पटवावं, मग एकदमच यावं."

वरातीमागून घोडं, ते असं. पण तिच्याकडे बघून पुढचं बोलणं मी गिळलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि जगाच्या भुवया कोरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या भुवया वाढून एकमेकींना भिडायला आल्या होत्या.

प्रकरण असं होतं. हार्डवेअरच्या दुकानात दरोडा पडला, मालकाच्या डोक्यात पहार बसली. मालकाला काही आठवत नव्हतं. दुकानातला जुना नोकर, म्हणजे हे काका, तेवढे साक्षीदार. दिवे गेलेले होते, बॅटरीच्या उजेडात त्यांनी दरोडेखोराचा चेहरा क्षणभर पाहिला होता. पोलिसांनी पार्लरवालीचा धाकटा भाऊ धरला. तो लिफ्टचा मेकॅनिक, आदल्या दिवशी त्याच इमारतीत कामाला येऊन गेलेला. दीड वर्षाने खटला उभा राहिला. काकांना विचारलं, तुम्ही पाहिलेला माणूस इथे आहे का? काकांनी चष्मा सावरला आणि मागच्या बाकावर बसलेल्या पार्लरवालीच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"अख्खं कोर्ट हसलं, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला तर घाम फुटला. आमचे वकील टेबलावर थाप मारून हसले. जजसाहेब म्हणाले, 'नीट बघा.' मग ह्यांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. पिंजऱ्यात एकटा माझा भाऊ उभा. दुसरं कोणाला दाखवणार?"

"मग तुमच्या वकिलांनी ते लिहून घ्यायला लावलं का? की साक्षीदाराने आधी भलत्याच माणसाकडे बोट केलं?"

"सगळ्यांनी पाहिलंच होतं की."

मी तिच्याकडून जबानीची प्रत घेतली. त्यात एकच ओळ होती: साक्षीदार कोर्टात हजर असलेल्या आरोपीस ओळखतो. नवरा नाही, हसू नाही, 'नीट बघा' नाही. त्या वकिलाला हसण्याच्या भरात एवढं सुचलं नाही की वरचं कोर्ट त्या खोलीत बसलेलं नाही. वरचं कोर्ट फक्त वाचतं.

"ऐका," मी म्हटलं. "वरचे न्यायाधीश सगळा पुरावा नव्याने तपासतात, हे खरं. खालच्या कोर्टाने चूक केली का, पुराव्याचं वजन बरोबर केलं का, कायदा बरोबर लावला का, सगळं बघतात. पण कागदावर आहे तेवढंच. कोर्टात काय घडलं याबद्दल तक्रार असेल तर त्याच न्यायाधीशांना तेव्हाच सांगायचं असतं. आता महिन्यांनी वर जाऊन 'असं घडलं होतं' म्हटलं तर कोणी ऐकून घेत नाही."

"म्हणून तर ह्यांना आणलं!"

"नवा पुरावा क्वचित घेतात, आणि तोही कोर्टालाच गरज वाटली तर. शिक्षा झाल्यावर साक्षीदार फिरला की पहिली शंका काय येते? ह्याला फिरवलं कोणी?"

काका म्हणाले, "मला कोणी फिरवलं नाही हो. ही बाई येत राहिली. बसायची. माझे केस वाढले होते, ते कापून दिले. मग एक दिवस मीच म्हटलं, पोरी, मला तेव्हा काही दिसलं नव्हतं."

"केस कापले?" मी विचारलं.

"फुकट," पार्लरवाली म्हणाली. "दोनदा. पैसे कसले घ्यायचे?"

आम्हा वकिलांच्या कानाला हे कसं ऐकू येतं, ते तिला कळणं शक्य नव्हतं. कैद्याची बहीण सरकारी साक्षीदाराच्या घरी जाते, त्याची सेवा करते, आणि तो साक्ष बदलतो.

आणि हेच उशिराचं कारण होतं. मुदत टळली की अपिलासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज द्यावा लागतो. त्यात पटण्यासारखं कारण लागतं, आणि ते शपथेवर सांगायचं असतं.

"आईचं आजारपण लिहा," ती लगेच म्हणाली. "आई नेहमीच आजारी असते."

"तुम्ही मला खोटं लिहायला सांगताय?"

"मॅडम, खोटं बोलून त्याला आत घातलं. खोटं बोलून बाहेर काढलं तर काय बिघडलं?"

मी चिडले. "बिघडेल ते असं, की सरकारी वकील डॉक्टरचे कागद मागतील, मग अर्ज जाईल, अर्जाबरोबर अपील जाईल, आणि तुमचा भाऊ दहा वर्षं मोजत बसेल. मुळात ही केस चांगली आहे. अनोळखी माणूस, क्षणभर पाहिलेला, ओळखपरेड घेतली नाही, दीड वर्षाने थेट कोर्टात ओळखला. हे सगळं कागदावर आहे! ह्याच्यावर मी भांडू शकते. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलात तुम्ही."

ती रडली नाही. काकांची बाही तिने सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली.

तुरुंगात मी भावाला भेटले. अपील त्याचं, म्हणजे अर्जावर शपथ त्याचीच लागणार. तुरुंगातल्या अधिकाऱ्याने त्याला मुदतीत विचारलंही होतं, की वकील नसेल तर इथूनच अपील पाठवून देतो. तो नको म्हणाला होता. "ताई म्हणाली, थांब, मी करते. ताईने म्हटलं म्हणजे ती करतेच."

मी त्याला खरं कारण लिहावं लागेल असं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"तिला त्रास होईल का?"

"होऊ शकतो."

"मग लिहा, मीच आळस केला. मलाच अपील नको होतं."

"अरे बाबा, तसं लिहिलं तर उशीर कशाला माफ करतील?"

"नाही केला तर नाही केला," तो म्हणाला. दोघंही एकमेकांसाठी बुडायला तयार होती आणि तरायचं कसं ते कोणीच विचारत नव्हतं. शेवटी त्याने सही केली, पण मी तासभर डोकं फोडल्यावर. मी खरं तेच लिहिलं: बहिणीवर विसंबून राहिलो, ती कायदा न कळल्यामुळे साक्षीदाराची मनधरणी करत राहिली. केस कापल्याचंही लिहिलं. लपवलं असतं आणि बाहेर आलं असतं तर आम्ही सगळेच मेलो होतो.

अपिलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन द्यावा, असाही अर्ज जोडला. अपिलाचा नंबर लागायला पाच-सहा वर्षं सहज जातात. तोवर तो बाहेर राहिला तर जगेल, हे बहिणीला माहीत होतं आणि मलाही. खरी आशा त्या अर्जावरच होती.

तिला मी एकच गोष्ट बजावली. "काकांना कोर्टाच्या आसपासही आणायचं नाही. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी अर्ज शांतपणे वाचला. सरकारी वकील केसांच्या कटिंगवर दोन-तीन वाक्यं बोलले, कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "कैदी आत होता," ते म्हणाले. "बहिणीचा वेडेपणा त्याच्या माथी कशाला मारायचा? उशीर माफ. अपील दाखल करून घेतो."

मला वाटलं, जमलं. मी स्थगितीच्या अर्जावर बोलायला लागले. ओळखपरेड नाही, उजेड नाही, दुसरा पुरावा नाही. न्यायाधीश मान डोलवत होते. त्यांनी जबानीचं पान उलटलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "सगळं ह्या एका साक्षीदारावरच उभं आहे..."

"साहेब, मी," मागून आवाज आला.

मी वळले. शेवटच्या बाकावरून काका उठले होते, स्वच्छ शर्ट घातलेला, केस नुकतेच कापलेले. त्यांच्या शेजारी ती होती.

"साहेब, मला दिसलं नव्हतं," काका म्हणाले.

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. काका बसले नाहीत, त्यांना बहुधा ऐकू आलं नाही. शिपायाने त्यांना खांद्याला धरून बसवलं. सरकारी वकिलांना बोलायची गरजच उरली नव्हती, तरी ते बोलले: "साक्षीदार आजही कैद्याच्या घरच्यांच्याच ताब्यात आहे. कैदी बाहेर आल्यावर काय होईल, ते कोर्टाने बघावं."

न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला. स्थगितीचा अर्ज फेटाळला. अपील आपल्या क्रमाने सुनावणीस यावं.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावर इतकी ओरडले की दोन अशील लांब सरकले. "का आणलंत? मी नको म्हटलं होतं ना?"

"मला वाटलं, बघतील तरी," ती म्हणाली. "नुसतं बघितलं असतं ह्यांच्याकडे, तरी कळलं असतं."

काका बाकावर बसून होते. "बोट दाखवायला गाडी पाठवून बोलावलं होतं मला," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "आता आपण होऊन आलो तर खाली बसा म्हणतात."

माझा राग ओसरला, त्या जागी काहीच उरलं नाही. मी तिला म्हटलं, अपील जिवंत आहे, केस चांगली आहे, काही महिन्यांनी जामिनाचा अर्ज पुन्हा करता येईल. हे सगळं खरं होतं. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.

"उद्या भेटीचा वार आहे," ती म्हणाली. "त्याला काय सांगू?"

"सांगा, उशीर माफ झाला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उशीर त्याने केलाच नव्हता. तो माझा होता. माझा माफ झाला, आणि आत तोच राहिला."

मग तिने काकांना हात दिला आणि दोघं जिना उतरायला लागली.