होल्ड म्हणजे काय

उमरेडच्या कोळशाच्या प्लान्टात रुपरावजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते तिथले इलेक्ट्रिकल फोरमन. क्रशरपासून कंट्रोल रूमपर्यंत अर्धा किलोमीटरच्या वर नाली आणि तिच्यात तारांचे जाडजूड जुडगे, सगळे त्यांनी उभं राहून टाकून घेतलेले. प्रत्येक मोटरची, प्रत्येक स्विचची तारांची स्वतंत्र जोडी थेट कंट्रोल रूममधल्या, मोटरींना हुकूम देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर. आणि ह्या माणसासमोर प्रेमिलानं, शहरातल्या प्रताप नगरातून आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या इंजिनिअर पोरीनं, नकाशा पसरला होता.

तिचं म्हणणं साधं होतं. कार्डं क्रशरपाशीच एका रॅकमध्ये बसवा. मोटरच्या तारा तिथल्या तिथे संपतील. कंट्रोल रूमपर्यंत फक्त एक पातळ लिंक केबल जाईल, सगळे निरोप तिच्यातून. आता येणाऱ्या दुसऱ्या क्रशरसाठी तांब्याचे एवढे ड्रम कापावेच लागणार नाहीत.

"अन् थे एक केबल तुटली तं?" रुपरावजींनी विचारलं. "माह्या इथं एक तार तुटली, तं एकच मोटर बंद पडते. तुह्या इथं सारंच बहिरं होऊन जाईन."

हे खोटं नव्हतं. प्रेमिलानंही ते नाकारलं नाही. मॅनेजर ताराचंद साहेबांनी मग निकाल सांगून टाकला: आधी पहिल्या क्रशरवर नमुन्याचा रॅक बसवा, मग तो चालू असताना लिंक तोडून पाहू. सगळं आपोआप नीट थांबलं तर दुसऱ्यालाही रॅक, नाहीतर जुनी पद्धत आणि नकाशा परत.

परीक्षेच्या सकाळी क्रशरचे कोळसा वाहणारे तिन्ही बेल्ट रिकामेच चालू केले. साहेब, रुपरावजी, इलेक्ट्रिशियन शालिकराम, सगळे क्रशरपाशी उभे. प्रेमिलानं स्वतःच्या हातानं लिंक ओढून काढली.

बेल्ट चालूच.

कंट्रोल रूममधल्या माणसानं स्टॉप दाबला. त्याचा निरोप जाणार कशातून? बेल्ट आपले मजेत फिरत राहिले. रुपरावजींनी बेल्टच्या कडेची, धोक्याच्या वेळी ओढायची दोरी ओढली, तेव्हा तिन्ही बेल्ट थांबले. ती दोरी प्रेमिलानंच हट्टानं लिंकच्या बाहेर ठेवली होती, थेट तारेनं मोटरची वीज तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला जोडून. केबल वाचवण्याच्या भरात तिनं जीव वाचवणाऱ्या तारांवर काटकसर केली नव्हती.

पण परीक्षा तर फसली होती. रॅकचं झाकण उघडल्यावर तिनं लिंक गेल्यावर काय करायचं ते ठरवणारा आतला बारीक स्विच पाहिला. 'होल्ड'वर होता.

"शालिकराम, हा तू होल्डवर काहून ठेवला?"

"तुमीच तं सांगितलं न बाई, लिंक गेली का बेल्ट थांबले पाहिजे. बेल्ट होल्ड कर म्हटलं का आम्ही बंदच करतो नं!"

प्रेमिलाला हसावं की रडावं कळेना. प्लान्टात होल्ड म्हणजे थांबव. रॅकच्या भाषेत होल्ड म्हणजे जे चालू आहे ते तसंच धरून ठेव. शालिकराम चुकला नव्हता, त्याला शब्दानं दगा दिला होता. आणि तो स्विच पाहून घेणं तिचं काम होतं.

"चूक माझी, साहेब," ती म्हणाली. "मी तपासायला हवं होतं. आणखी एकदा पाहू द्या."

ताराचंद साहेबांनी रुपरावजींकडे पाहिलं.

"पाहू द्या तिले," रुपरावजी म्हणाले. "दोरीची तार सोडली नाही तिनं. थे मले आवडलं."

रॅकची वीज बंद केली, स्विच 'रिसेट'कडे वळवला, वीज परत दिली. "लिंक गेली की हातातलं सगळं सोडून द्यायचं," तिनं शालिकरामला समजावलं, आणि तेच स्विचशेजारी चिकटपट्टीवर मराठीतच लिहायला लावलं. बेल्ट पुन्हा चालू झाले. या वेळी केबल रुपरावजींनी ओढली.

खटाखट कॉन्टॅक्टर सुटले. कोळसा ओतणारा फीडर आणि तिन्ही बेल्ट वेग कमी करत करत थांबले. कंट्रोल रूममध्ये रॅक हरवल्याचा लाल दिवा लागला. केबल परत जोडली तरी काहीच आपोआप सुरू झालं नाही. कोणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत सगळं गप उभं राहिलं. आपण बांधलेली वस्तू शहाण्यासारखी वागते आहे हे पाहून प्रेमिलाचा ऊर भरून आला, आणि तिनं ते लपवलंही नाही.

साहेबांची शंका मात्र शिल्लक होती. "म्हणजे दुसऱ्या क्रशरलाही हेच? उद्या खरंच लिंक तुटली तर?"

प्रेमिला तोंड उघडणार, तोच रुपरावजी पुढे झाले.

"तुटन कधी ना कधी, साहेब. तवा थांबन. चालवणं तं आमालेबी येत होतं, ह्या पोरीनं त्याले थांबाले शिकवलं."