आबा लाइनीवरून गेले

आमच्या आबांना रागवायला कारण लागत नसे. धार संस्थानात नोकरी केलेला माणूस. निवृत्तीनंतर देवासला आमच्याकडे आला, तो गोल्फच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावूनच.

१९८३चा डिसेंबर. मी बारा वर्षांचा, आणि आज माझा पहिला डाव! क्लबात मुलांना मज्जाव होता. पण सेक्रेटरी तुकोजीराव आबांना म्हणाले होते, "नातवाला आणा. माझ्याबरोबर नऊ होल खेळू दे. फटके नाही, रीत बघेन. पटली तर दर रविवारी यावं."

दर रविवारी! माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"दुसरा मारताना हलायचं नाही, बोलायचं नाही," आबा सुरू झाले. "चेंडू माणसांकडे गेला तर 'फोर!' ओरडायचं. गवताचा तुकडा उडाला तर परत बसवून दाबायचा. होलपासून ज्याचा चेंडू लांब, त्याची पाळी आधी."

"और कुछ?"

"मराठीत विचार!"

आमच्याकडे हिरवळ कुठली? होलभोवती तेल घातलेल्या वाळूचा गोल असे, त्याला ब्राऊन म्हणत. वाळूत पाऊल उमटतं, म्हणून कुणाच्याही चेंडूपासून होलपर्यंतच्या लाइनीवर पाय द्यायचा नाही. हे आबांनी मला आठ ब्राऊनवर आठ वेळा बजावलं. निघताना मागच्यांसाठी ब्राऊन झाडून घेतलं, तेही आठ वेळा.

नवव्यावर माझा चेंडू होलपासून जास्त लांब, दहा पावलांवर. तुकोजीरावांचा चार पावलांवर होता. त्यांनी त्याच्या मागे खुणेला चार आण्यांचं नाणं ठेवून तो उचलला. आबा होलमधलं निशाण धरून उभे, सावली होलवर पडू न देता. मी चेंडू ढकलला. आबांनी निशाण उपसलं. चेंडू रमतगमत गेला, काठावर थबकला, आणि टुपकन आत!

"शाब्बास रे वाघा!" आबा निशाणासकट नाचत माझ्याकडे धावले. थेट तुकोजीरावांच्या लाइनीवरून. वाळूत बुटांचे पाच ठसे.

मी गारठलो. तुकोजीराव माझ्याकडे बघत राहिले. बोललो तर चारचौघांत आबांची मान खाली जाणार, आणि ते चिडले तर पिशवी कायमची माळ्यावर. गप्प राहिलो तर सकाळभर शिकलो ते काय?

"आबा," मी कसाबसा म्हणालो, "लाइन."

आबांनी खाली बघितलं. कानांपर्यंत लाल झाले. मग हात जोडले. "तुकोजीराव, माफी असावी."

"काका, झाडून देऊ?" मी त्यांना विचारलं. "होती तशी करतो."

"कर भिया," तुकोजीराव म्हणाले, माळव्यात भावाला म्हणतात तसं.

मी बाजूनं चालत, लाइनीवर पाय न देता, झाडूनं वाळू सारखी केली. तुकोजीरावांनी नाण्यापुढे चेंडू ठेवला, नाणं उचललं आणि चेंडू सरळ आत घातला.

"नातू रविवारपासून येईल," माझा हात हातात घेत ते म्हणाले. "आजोबांचं मात्र अजून एकदा बघावं लागेल."

आबा पोट धरून हसले. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. मग त्यांनी माझ्या हातातला झाडू घेतला आणि सगळं ब्राऊन एकट्यानं झाडलं.