बिरूच्या गळ्यावरचा लोणा

शाळेच्या ओसरीत पूर्वेच्या भिंतीवर बिरूचा चेहरा होता. त्या चेहऱ्याखेरीज बिरूचे या जगात काहीही उरले नव्हते. मेंढपाळाच्या पोराचा फोटो काढण्याची गरज निजामाच्या राज्यात कुणाला पडली नाही, आणि राज्य बदलल्यावर ती पडली तेव्हा पोरगा नव्हता. अठ्ठेचाळीस साली नदी ओलांडताना त्याला गोळी लागली आणि पुराने प्रेत नेले. त्याच्यासोबत सरहद्दीवरच्या छावणीत राहिलेल्या, एका ताटात भाकरी खाल्लेल्या जिंतूरच्या एका रंगाऱ्याने आठवणीवरून तो चेहरा ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढला. रंग चुन्यात मुरला. वर बसलेला नव्हता, आत गेलेला होता. पुढे दोन वर्षांनी रंगारी तापाने गेला. बिरू कसा दिसत होता हे सांगू शकणारा हात त्याच्याबरोबर संपला.

ताडकळसच्या अलीकडचे हे गाव. शाळेला सरकारने 'स्मारक' म्हटले, म्हणजे इमारतीचा खर्च एकदाच करून दोन गोष्टींचे श्रेय घेतले. दर सप्टेंबरात, मुक्तिदिनाला, तालुक्याहून मान्यवर येत, हार घालीत आणि त्यागाच्या पायावर उभ्या राहणाऱ्या राष्ट्राविषयी बोलत. प्रत्यक्ष पाया कशाचा होता याची चौकशी कोणी केली नाही. तो जुन्या गढीच्या पांढरीचा होता. कित्येक पिढ्यांची राख, शेण आणि गुराढोरांचे मूत जिरून खारावलेली ती माती. जवळ होती, फुकट होती, म्हणून जोत्यात भरली.

बिरूची आई केवळाबाई रोज सकाळी येई. तांब्यातल्या पाण्यात पंचा भिजवी आणि मुलाचे तोंड पुसून काढी. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करतात, देव्हाऱ्यात बसवतात, त्याला देवासारखी आंघोळ घालतात. टाक करण्यापूर्वी काही विधी लागतात आणि विधीला प्रेत लागते. ते नव्हते; म्हणून भिंतच टाक झाली. रंग चुन्यात मुरलेला असल्यामुळे पाण्याने जात नव्हता, आणि त्यामुळे पाण्याने काही होत नाही असे सर्वांनाच वाटत होते.

पंचावन्नच्या हिवाळ्यात भिंतीच्या बुडाशी पांढरी लव उगवली; गावात तिला लोणा म्हणतात. हेडमास्तर काशीनाथ यांनी ती चिमटीत घेऊन जिभेला लावली. खारट, आणि मागून थंड. थोडी निखाऱ्यावर टाकली तर तडतडून ठिणग्या उडाल्या.

"दारूकामातला सोराच हाय म्हना की," शेजारी उकिडवा बसलेला सटवाजी गवंडी म्हणाला. भिंत त्यानेच उभी केली होती. "मग बकऱ्या चाटणारच. बाजारच्या दिशी इथं सावलीला बांधतेत, अन् चाटून चाटून गिलावा पोपडा करतेत."

"चाटणं नंतरचं, सटवाजी. बकऱ्या बांधल्यावर आधी काय करतात?"

सटवाजी हसला. "ते आमी जोत्यात आधीच भरून ठिवलं होतं, गुरुजी."

"आणि चुना कोणत्या पाण्यानं कालवला?"

"खाऱ्या हिरीच्या. वढा आटला होता. मला काय ठाऊक, भिंतीला बी तहान लागती म्हणून?"

"तहान लागते, आणि पाण्याबरोबर मीठ वर येतं. पाणी वाऱ्यानं उडून जातं, मीठ उडत नाही. ते तिथंच बसतं, खड्यासारखं वाढतं आणि गिलावा आतून फोडतं."

दोघांनी छतही पाहिले. गच्चीच्या चुन्याला पहिल्याच पावसात तडा गेला होता. तेव्हा गावातल्या बायकांनी, आपल्या घरांच्या माळवदावर दरसाल टाकतात तशी, खाऱ्या मातीची टोपली टोपली वर नेऊन पसरली होती. ही माती पावसात फुगून घट्ट बसते आणि माळवद गळत नाही, हे खरे. परंतु कठड्याच्या सांध्यातून तिचे खारे पाणी भिंतीत उतरत होते. गावाने शाळेवर प्रेमच केले होते. भिंतीला त्याचा परिणाम वेगळा कळला.

उपाय काशीनाथांनी तालुक्याला जाऊन सांगितला. गच्चीवरची खारी माती काढावी, सांधा गोड्या पाण्याच्या चुन्याने भरावा, उतार बाहेर द्यावा. भिंतीबाहेरची चढलेली माती खणून चर काढावा, जनावरे लांब बांधावीत. भिंतीचा बुडखा हातहात फोडून डांबर लावलेली शहाबादी फरशी आडवी बसवावी, म्हणजे ओल वर चढणार नाही. लोणा पाण्याने कधी धुवू नये, कारण तो विरघळून परत आत जातो; कोरड्या कुंच्याने झाडून लांब नेऊन टाकावा. गिलावा चुन्याचाच राहू द्यावा, भिंतीला श्वास राहील. आणि दोन उन्हाळे थांबावे.

या सर्वांत ओव्हरसियर दिनकररावांना एकच गोष्ट अशक्य वाटली. "दोन उन्हाळे?" ते म्हणाले. "पाहुणे सप्टेंबरात येतात, हेडमास्तर."

छप्पनच्या मे महिन्यात सिमेंटच्या गोण्या आल्या. सिमेंटला तेव्हा परमिट लागे. ते मिळणे हाच पराक्रम असल्यामुळे त्याचा उपयोग काय हा प्रश्न गौण होता. भिंतीच्या बुडापासून बिरूच्या छातीपर्यंत सिमेंटचा जाड पट्टा फिरला आणि त्यावर तेलरंग.

"साहेब, ओल कोंडंल हो," सटवाजी म्हणाला.

"कोंडू दे. कोंडली म्हणजे दिसणार नाही."

"दिसंल. वर दिसंल."

दिनकररावांनी काशीनाथांकडे पाहिले. "तुमचा गवंडी फार बोलतो. तुम्ही शिकवलंत वाटतं?"

"भिंतीनं शिकवलं," काशीनाथ म्हणाले, "त्याला आणि मलाही. तुमची शिकवणी पुढच्या हिवाळ्यात आहे."

सप्टेंबरात सोहळा झाला. पावसाळ्यात भिंत ओलीच असते आणि लोणा विरघळून आत दडलेला असतो, त्यामुळे पाहुण्यांना तो कधीच दिसला नाही. दिनकररावांच्या कामाची भाषणात प्रशंसा झाली. नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, शाळेवरची पाटी बदलली, आणि वारे कोरडे झाले.

लोण्याने पट्टा चढून पार केला. खाली उडून जायला वाट न राहिलेली ओल सिमेंटच्या वर निघाली, तिथे पहिला चुना बिरूच्या गळ्याचा होता. संक्रांतीपर्यंत हनुवटीखाली पांढरी दाढी आली. केवळाबाईला ती धूळ वाटली. ती सकाळ-संध्याकाळ येऊ लागली आणि पंचा अधिक ओला, अधिक जोराने फिरवू लागली.

काशीनाथ काही दिवस तिला पाहून परत फिरत. शेवटी एका सकाळी ते तिच्याजवळ बसले.

"मावशी, जरा थांबता का?"

"बोला की गुरुजी. हात चालायलाय, कान रिकामेच हायत."

"हे पाणी लावू नका."

तिचा हात थांबला नाही. "का बरं? हिरीचं न्हाई हे. नदीचं हाय, डोईवर आणते."

"नदीचं असलं तरी. वरचं मीठ पाण्यात विरघळतं आणि आत जातं. वाळताना परत बाहेर येतं, येताना चुना फोडतं. जितक्या वेळा धुवाल तितक्या वेळा फोडतं."

आता तिचा हात थांबला. पंच्यातून पाणी फरशीवर टिपकत होते.

"म्हंजी मीच?"

"एकट्या तुम्ही नाही. पायातली माती आहे, छत आहे, हे सिमेंट आहे."

"ते समदं लोकाचं. मी माझं इचारायलेय."

काशीनाथांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग त्याची आंघोळ?" ती म्हणाली. "उन्हाळा तोंडावर हाय, धूळ हाय. पोराला तसंच ठिवायचं?"

"कोरडंच ठेवायचं, मावशी."

"नदीत गेला तो," ती म्हणाली. "अन् तुमी मला कोरडं ठिवायचं सांगायलाय." तिने पंचा पिळला, तांब्यावर वाळत घातला आणि उठली.

त्यानंतर ती रोज आली, परंतु पाणी आणले नाही. पदर मांडीवर घेऊन नुसती समोर बसे.

परवानगीची वाट न पाहता सटवाजीने सिमेंट फोडले. त्यासाठी पुढे त्याला तालुक्याच्या बोलावण्यावरून दोनदा जावे लागले. सरकारी मालमत्तेची नासधूस, असे अशा कामाला म्हणतात. गच्चीवरची माती उतरली, सांधा भरला, चर खणला. बुडखा हातहात फोडून फरश्या बसल्या. चुना नदीच्या पाण्याने कालवला, वाळू तीनदा धुतली. सगळे बरोबर झाले.

सगळे बरोबर झाले म्हणूनच भिंत वाळू लागली. आणि भिंत वाळू लागली म्हणजे आत होते नव्हते तेवढे मीठ शेवटचे बाहेर निघाले. ते निघायलाच हवे होते. स्वच्छ चिकणमातीचा ओला लेप लावून ते मातीत ओढून घेता येते, हे काशीनाथांना ठाऊक होते. त्यांनी बोटाने गालाजवळ ठोकून पाहिले. आत पोकळ वाजले.

"लेप सुकला की ओढंल," सटवाजी म्हणाला. "समदा गालच हातात येईल."

"आणि नाही लावला तर?"

"मंग सावकाश येईल."

त्यांनी सावकाश निवडले. कोरड्या, मऊ कुंच्याने दर दोन दिवसांनी पांढरी लव झाडली. चैत्रात गळा गेला. मग हनुवटी, मग ओठांचा डावा कोपरा. तिथे रंगाऱ्याने काही हसू ठेवले होते. डोळे अखेरपर्यंत राहिले, कारण ते सर्वांत वर होते. एका दुपारी वारा सुटला आणि तेही पापुद्र्यासारखे सुटले. केवळाबाई समोरच होती. ती रडली नाही. पुढे झाली आणि खाली पडलेले सगळे पदरात भरून घेतले.

"मावशी, त्यात मीठच जास्त आहे," काशीनाथ म्हणाले.

"असू द्या. भाकरीत बी असतंच की."

भिंतीला नवा चुन्याचा गिलावा झाला. पुढच्या हिवाळ्यात लोणा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बकऱ्या एकदा येऊन हुंगून गेल्या. या यशाची नोंद दिनकररावांच्या नावावर झाली आणि त्यांना बढती मिळाली. सोहळ्यासाठी परभणीहून चित्रकार आणून स्मारक पुन्हा रंगवले. चित्रकाराने हुतात्मा मेंढपाळ कसा असावा हे विचारपूर्वक ठरवले होते: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पिळदार मिशा, नजर क्षितिजावर. बिरूला मिशा फुटायच्या होत्या.

केवळाबाईला पहिल्या रांगेत खुर्ची होती. भाषणे संपल्यावर ती भिंतीजवळ गेली, तळवा टेकवला आणि खालपासून वरपर्यंत फिरवला.

"कोरडी हाय," ती सटवाजीला म्हणाली. "चांगली झाली बाबा भिंत." मग घरी गेली आणि पुन्हा शाळेत आली नाही.

तिच्या देव्हाऱ्यात, टाकांच्या ओळीत, एक पितळी वाटी आहे. तिच्यातला चुरा हिवाळ्यात कोरडा पांढरा होऊन फुलतो. मृगानंतर हवा ओली झाली की तो आपोआप पाझरू लागतो आणि वाटीच्या तळाशी पाणी साठते. केवळाबाई बाकीच्या टाकांना आंघोळ घालते. त्या वाटीशी आली की हात आवरते.

"त्याची तो घालून घेतो," ती म्हणते.