कशासाठी हवंय, तेवढं सांगाल का

तपासणी केंद्राच्या खिडकीमागे ती बसायची, तिथे दिवसभर निरोप येत. रिपोर्ट पाठवा. कॉपी पाठवा. लवकर पाठवा. फोनवरचे, मेलवरचे, सगळे एकाच पडद्यावर येऊन पडत आणि ती ते एकेक करून निकालात काढी. काम तसं सोपं होतं. पण तिला सोप्या कामाचीच भीती वाटे, कारण सोप्या कामात माणूस बघत नाही. तिच्या बघण्याच्या सवयीवरून घरात चेष्टा व्हायची. बाळ झोपलं तरी ती त्याच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते, असं नवरा कुणालाही सांगे.

मागच्या आठवड्यात तिच्या हातून एक घोळ झाला होता. एका बाईंनी मणक्याच्या स्कॅनची कॉपी मागितली आणि हिने दोनच शब्द टाइप केले: "कशासाठी हवी?" बाई भडकल्या. स्कॅन माझा, मणका माझा, आणि चौकशा तुम्ही करणार? थेट वरपर्यंत तक्रार गेली. तेव्हापासून मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी, फर्मान काढलं. का, कशाला, कशासाठी हे शब्द या टेबलावर बंद. कुणीही कॉपी मागितली की रिपोर्टची फाइल पाठवायची आणि मोकळं व्हायचं.

आज आलेला निरोप एका आईचा होता. "आठ महिन्यांच्या मुलीच्या मेंदूच्या एमआरआयची कॉपी पाठवा. उद्या सकाळी निघायचंय." नंबर नोंदीतलाच होता, म्हणजे मागणारी खरी आई.

तिने रिपोर्टची फाइल जोडली. पाठवायचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि तिथेच थांबली.

आठ महिन्यांचं मूल एमआरआयच्या यंत्रात जागेपणी स्थिर पडत नाही. त्याला भूल द्यावी लागते. आणि निघायचंय म्हणजे बहुधा दुसऱ्या गावच्या मोठ्या डॉक्टरांकडे. त्यांना रिपोर्टचा कागद पुरत नाही, मूळ चित्रं लागतात. एकेक थर पुढे-मागे करून, उजेड कमी-जास्त करून ते स्वतः बघतात. नुसता कागद पाहून तिथे कुणी म्हणालं, की चित्रं नाहीत, पुन्हा स्कॅन करा, तर त्या चिमुरडीला पुन्हा भूल. तिचं स्वतःचं बाळ वर्षाचं होतं.

पण निघायचंय ते कदाचित आजोळी असेल. कॉपी कदाचित विम्याला लागेल, नाहीतर बापाच्या ऑफिसात रजेसाठी. तसं असेल तर चित्रांचा काय उपयोग? आणि ऑफिसात रिपोर्ट गेला, तर लेकीच्या मेंदूत काय आहे ते चहाच्या टेबलावर सगळ्यांना कळणार.

म्हणजे विचारायलाच हवं होतं.

तिला सकाळ आठवली. दारात चप्पल घालताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "किती वाजता येणार?" तिचा चेहरा लगेच आंबट झाला. उशीर झाला की बोलायला मोकळ्या, असंच तिला वाटलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू लवकर येणार असलीस तर बाळाला जागं ठेवते, नाहीतर झोपवते. म्हणून विचारलं." चेहऱ्यावरचा आंबटपणा तिथल्या तिथे उतरला होता. प्रश्न तोच, पण मागचं कारण कळलं आणि टोचायचा थांबला.

त्या मणक्याच्या बाईंना हिने प्रश्नाचं टोकच तेवढं दाखवलं होतं, कारण नाही.

तिने फाइल काढून टाकली आणि लिहायला घेतलं. दोनदा खोडलं. शेवटी असं झालं:

"नमस्कार. कॉपी नक्की देतो, ती तुमचीच आहे. फक्त ती तीन प्रकारे देता येते आणि भलतीच गेली तर तुम्हाला हेलपाटा पडेल, म्हणून विचारते. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची असेल तर मूळ चित्रांची सीडी लागते. विम्याला सही-शिक्क्याचा रिपोर्ट लागतो. ऑफिसात फक्त तपासणी झाल्याचं दाखवायचं असेल तर आजाराचा उल्लेख नसलेला एका ओळीचा दाखला पुरतो. यातलं कोणतं, एवढंच कळवा. सांगायचं नसेल तरी हरकत नाही, तिन्ही तयार ठेवते."

निरोप गेला. तो मॅडमच्याही पडद्यावर दिसला.

मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"विचारायचं नाही म्हणून."

"आणि तू निबंध लिहिलास."

"हो मॅडम."

"सगळ्यांना सगळंच देऊन टाक ना मग. विचारायची भानगडच नको."

"सगळं दिलं तर माणूस सगळंच पुढे पाठवतो. ऑफिसातसुद्धा. आणि काय कुठे लागतं, हे त्यांनी कुठून ओळखायचं? ते आपल्याला माहीत असतं."

"पुन्हा तक्रार आली तर?"

"मागच्या वेळी प्रश्न बरोबर होता, विचारणं चुकलं. पोलिसासारखं विचारलं मी. म्हणून प्रश्नच बंद करायचा, हे मला पटत नाही."

आत सीडी करून देणारे फिल्मकाका, एक्स-रे फिल्मच्या जमान्यापासून इथेच असलेले, दारातून डोकावले. "पोरी, जरा दमानं घे. मॅडम रागावतील."

"रागावू देत काका. आठ महिन्यांचं पोर आहे."

मॅडमनी हाताची घडी घातली. "ठीक आहे. उत्तर वाकडं आलं तर उद्यापासून तू या टेबलावर नाहीस."

"चालेल," ती म्हणाली. शब्द मागे घेतला नाही.

नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. ती बाकीचे निरोप निकालात काढत राहिली आणि डोळा त्या एका ओळीवर ठेवून होती. मॅडमही आपल्या खोलीत गेल्या नाहीत. उगाच कपाटाची किल्ली शोधत राहिल्या.

मग उत्तर आलं.

"सर्जनकडे नेतोय. चित्रं वेगळी मिळतात हे कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही कागदच घेऊन निघालो असतो. सीडी द्या. आणि तो एका ओळीचा दाखलाही द्या. ह्यांच्या ऑफिसला रिपोर्टच पाठवणार होतो. संध्याकाळी माझा भाऊ येईल, त्याच्याकडे द्याल का?"

तिने पडदा मॅडमकडे वळवला. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"भावाकडे द्यायचं तर आईच्या संमतीचा निरोप आणि त्याचं ओळखपत्र घे," त्या रुक्षपणे म्हणाल्या.

"घेते."

"आणि एकदा बरोबर आलं म्हणून फार शेफारू नकोस. ते फर्मान मी मागे घेतलेलं नाही अजून."

"माहीत आहे. मी विचारत राहणार आहे, तेही सांगून ठेवते. तक्रार आली तर माझ्या नावावर घाला."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण किल्ली हातातच होती हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या कपाटाकडे वळल्या.

"काका," तिने आत हाक मारली, "मेंदूची सीडी. करून झाली की आपल्याच संगणकावर उघडून बघा, सगळे थर येतात का."

"तेवढं कळतं मला," काका आतून पुटपुटले. "आता मलाही विचारणार का, कसं करताय म्हणून?"

"विचारणार," ती म्हणाली आणि पुढचा निरोप उघडला. गुडघ्याच्या स्कॅनची कॉपी पाठवा, लवकर. तिने बाह्या सावरल्या. "नमस्कार," तिने लिहिलं, "कॉपी नक्की देतो, ती तुमचीच आहे."