हिरव्या आकड्यासाठी

ताईचा पारा चढायला फार कारण लागत नसे, हे इस्पितळाच्या लॉण्ड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. चादरीवर डाग राहिला की ती अख्खं खातं डोक्यावर घ्यायची. पण सकाळी मैदानावर तिला जो राग यायचा तो वेगळा, कारण तो गिळावा लागायचा. एकसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं ओल्या चादरींच्या गाड्या ढकललेली, धावताना तोंडाची टकळी क्षणभर बंद नाही, आणि तिनं म्हणे चालायचं. का, तर मनगटावरचं घड्याळ लाल झालं.

हे घड्याळाचं खूळ आणलं आकडेसरांनी. ते धावण्याच्या गटाचे प्रशिक्षक. वय चौतीस, पोटावर चरबीचा कण नाही, आणि नाकाने कांदे सोलायची मोठी हौस. त्यांचं म्हणणं मुळात चुकीचं नव्हतं, हे ताईसुद्धा कबूल करायची. रोज उरी फुटेस्तोवर धावू नये. बहुतेक धावणं दुसऱ्या झोनमध्ये करावं, म्हणजे हळू, धाप न लागता, सहज बोलता येईल इतपत. त्यानेच दमसासाचा पाया भरतो. गटातल्या निम्म्या लोकांचे दुखरे गुडघे या सल्ल्याने शांत झाले होते. पण हा झोन ओळखायचा कसा? सरांनी त्याचं सोपं उत्तर काढलं होतं. एकशे ऐंशीतून वय वजा करा. उरेल तो हृदयाच्या ठोक्यांचा आकडा, त्याच्या वर जायचं नाही. औषध चालू असेल तर आणखी दहा वजा. आकड्याच्या खाली दहा ठोक्यांची पट्टी, त्या पट्टीत राहिलात तर हिरवं. वर गेलात तर लाल, खाली राहिलात तर निळं. दर शनिवारी मैदानाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून सर हिरव्यांची यादी वाचायचे.

ताईचा आकडा एकशे एकोणीस. धावता धावता ती शेजारणीला लॉण्ड्रीतली भांडणं पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायची, तीही आवाज काढून, आणि तेव्हा तिचं हृदय एकशे छत्तीसवर असायचं. एकशे एकोणीसला थांबायचं तर शवागाराकडे ट्रॉली नेणारा माणूससुद्धा तिला मागे टाकून गेला असता. तिनं सरांना सांगून पाहिलं की मला धाप लागत नाही, मी गप्पा मारतेय, तुम्हीच ऐका की. सर म्हणाले, माणसाला स्वतःबद्दल भ्रम असतो, आकड्याला नसतो. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिनं ती गिळली, कारण शेजारी भाऊ उभा होता, आणि त्याला गटात टिकवायचं होतं.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून वीस शब्द निघाले तर पुष्कळ. दीड वर्षापूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला, नळीत जाळी बसवली, आणि तेव्हापासून घरात त्याला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागले. पिशवी उचलली तरी बायको हातातून काढून घ्यायची. डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, हळूहळू धावा, फक्त बोलता येईल इतकंच. ताईनंच त्याला बखोट धरून गटात आणला होता.

त्याचा आकडा सरांनी चुटकीसरशी काढला. एकशे ऐंशीतून पंचावन्न गेले, एकशे पंचवीस. औषध चालू, दहा गेले, एकशे पंधरा. पट्टी एकशे पाच ते एकशे पंधरा. पण भाऊ रमतगमत धावला की ठोके शहाण्णवच्या पुढे हलत नसत. एकशे आठला पोचायचं तर त्याला दात-ओठ खावे लागत, मान लाल होई, दोन शब्दांवर तिसरा फुटत नसे. तरी घड्याळ म्हणे हेच बरोबर. तो आपला शहाण्णवला परत यायचा आणि आठवडाभर निळा राहायचा. सर पायऱ्यांवरून सगळ्यांदेखत म्हणाले, निळं म्हणजे तुम्ही फिरायला येता, सराव करायला नाही. भाऊ खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला. ती आधीच बांधलेली होती.

मग एका शनिवारी चमत्कार झाला. सरांनी यादी वाचली आणि भावाचं नाव त्यात. सोमवार हिरवा, बुधवार हिरवा, शुक्रवार हिरवा. सर म्हणाले, बघा, मनावर घेतलं की होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यातही ताईच्या सगळ्यांत जोरात. भाऊ हसला. दीड वर्षात तो असा हसलेला तिनं पाहिला नव्हता.

दोन दिवस ती त्याच आनंदात होती. सोमवारी धावताना मात्र तिला काहीतरी खटकलं. भाऊ तिच्या शेजारीच होता, पाऊल तेच, वेग तोच, मैदानात फिरायला येणारी एक म्हातारी जोडी अजूनही त्याच्या मागे पडत नव्हती. आणि त्याच्या घड्याळावर एकशे बारा. त्याच वेगाला पंधरवड्यापूर्वी शहाण्णव होते. सोळा ठोके आले कुठून? उन्हाळा नाही, ताप नाही. सरावाने तर त्याच वेगाला ठोके कमी व्हायला हवेत, हे सरांनीच शिकवलं होतं.

मैदानावरून ती तडक भावाच्या घरी गेली. तो आंघोळीला गेला होता. स्वयंपाकघरात फ्रिजवर त्याची गोळ्यांची डबी होती, वारांच्या खणांची, दोन आठवड्यांची. ताईनं झाकणं उघडली. गेल्या आठवड्याच्या सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या खणांत छोटी पांढरी गोळी तशीच. आजच्या खणातही. बाकीच्या गोळ्या घेतलेल्या, तेवढी एकच ठेवलेली. ठोके मंद ठेवणारी.

भाऊ पंचा गुंडाळून दारात उभा राहिला आणि डबी पाहून त्याचा चेहरा पडला.

“गोळी घेतली की घड्याळ हिरवं होत नाही, ताई,” तो म्हणाला. “संध्याकाळी घेईन म्हणतो, पण मग राहून जाते.”

ताईनं डबीची झाकणं एकेक करून लावली. मग तिनं त्याला कपडे घालायला लावले, हाताला धरून रिक्षात घातला आणि आपल्याच इस्पितळात नेला. वाटेत ती कुणाकुणाला शिव्या घालत होती ते रिक्षावाल्यालाही कळेना.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई ताईला ओळखत होत्या, त्यांचे कोट तिच्याच हाताखालून जायचे. कागदावर भावाच्या हृदयाची रेघ उमटेपर्यंत ताई भिंतीला टेकून उभी होती. रेघ ठीक निघाली. तिचा जीव भांड्यात पडला आणि बाईंचा आवाज चढला. ही गोळी अशी अधूनमधून बुडवली तर हृदय एकदम उसळू शकतं, आणि ज्याला एकदा झटका आलाय त्याचं उसळलेलं हृदय फार महागात पडतं, असं त्यांनी भावाला तीनदा सांगितलं. मग आकड्याची गोष्ट ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“गोळी हृदयाला लगाम घालते,” त्या म्हणाल्या. “किती घालते ते प्रत्येकाचं वेगळं. दहा वजा करून ते कळत नाही.”

त्यांनी ताईकडेही बोट केलं. दोन वर्षांपूर्वी तपासणीत तिला सरकत्या पट्ट्यावर पळवलं होतं, तेव्हा तिचं हृदय एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत गेलं होतं. वयाच्या हिशोबाने एकशे साठच्या आसपास थांबायला हवं. वयावरून निघतो तो सरासरीचा आकडा. एकाच वयाच्या दोघांच्या हृदयात पंचवीस-तीस ठोक्यांचा फरक असू शकतो, आणि त्यात कुणी आजारी नसतं. म्हणून तुम्हाला तो आकडा फार कमी, आणि गोळीमुळे भावाला फार जास्त. दोघांनाही धाप सांगेल ते ऐका.

बुधवारी ताई मैदानावर गेली ती कंबर कसूनच. सर घड्याळं जुळवत होते. तिनं सगळ्यांसमोर डबीची गोष्ट सांगितली, एक अक्षर न गाळता. सरांचा चेहरा उतरला, पण ते माघार काही घेईनात. गोळी बंद करा असं मी कधी म्हटलं नाही, औषधाचे दहा मी वजा केले होते, नियम सगळ्यांना सारखा लावला नाही तर गट चालवायचा कसा, असं त्यांचं सुरू झालं.

“तुम्ही म्हणाला नाहीत, पण विचारलंतही नाही,” ताई म्हणाली. “एका आठवड्यात त्याच वेगाला सोळा ठोके वाढले. तुम्हाला तो सराव वाटला. माणूस मरायला निघाला होता हो, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.”

एवढं बोलून ती थांबली. टाळ्या कुणाच्या सगळ्यांत मोठ्या होत्या ते पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला आठवत होतं, आणि तिला तर सगळ्यांत जास्त.  सरांनी यादीची वही मिटून पिशवीत टाकली आणि म्हणाले, उद्या डॉक्टरीणबाईंचा नंबर द्या. ताईनं तो तिथल्या तिथे दिला, पण राग काही सोडला नाही.

मग तिनं भावाच्या मनगटावरचं घड्याळ काढून स्वतःच्या खिशात घातलं. सकाळची गोळी त्यानं तिच्यासमोर गिळली होती. दोघं हळूहळू धावायला लागले. आजपासून तूच बोलायचं, मी ऐकणार, असं तिनं बजावलं. तुझं वाक्य तुटलं की आपण चालायचं.

 त्याला बोलायला काही सुचेना. ताई चिडून म्हणाली, अरे काचांबद्दल सांग, गिऱ्हाइकांबद्दल सांग, काहीही सांग. मग तो काचेची कड कशी घासतात ते सांगू लागला, आधी अडखळत, नंतर सलग. दुसऱ्या फेरीत काचा संपल्या.

“झटक्यानंतर सगळे मला जपतात,” तो पुढे बघत म्हणाला. “शाबास कुणी म्हणत नाही. त्या दिवशी टाळ्या वाजल्या ना, त्यात मला तुझी टाळी ओळखू आली. म्हटलं, आणखी एक गोळी गेली तर गेली.”

एवढं लांब वाक्य तो एका दमात बोलला होता. धाप कुठेच नव्हती. ताईला मात्र लागली, आणि तिनंच चालायला सुरुवात केली.