रविवारचे सात ते दहा

धामापूरच्या रस्त्यावर दत्तप्रसादचं तासावर भाड्याने द्यायचं क्रिकेटचं टर्फ आधी झालं, हे तो येईल त्याला ऐकवी. चुलतभाऊ जितेंद्रने दीड किलोमीटरवर दुसरं टर्फ काढलं, तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखू लागलं ते काही थांबेना. दर दोघांचेही सारखेच होते: संध्याकाळी सहा ते दहा, तासाला हजार, शनिवार-रविवारी बाराशे, आठवड्यात दिवसा पाचशे. मग जितेंद्रने दिवसाचे चारशे केले आणि देवबागची होडीवाली पोरं सकाळी मासळी उतरवून दुपारी थेट त्याच्याकडेच जाऊ लागली. दत्तप्रसादने साडेतीनशे केले, तरी कोणी फिरकेना. सगळे जितेंद्रचंच कौतुक करायचे. जळणार नाही तर काय!

शेवटी त्याने मित्राला, शिवाला गाठलं. शिवाच्या फोनवरून जितेंद्रकडे रविवारचे सात ते दहा, तिन्ही तास खोट्या नावाने बुक केले. नियमाप्रमाणे निम्मे पैसे आगाऊ, अठराशे, परत न मिळणारे. दत्तप्रसादने ते शिवाला मोजून दिले.

"गिऱ्हाईक माझ्याकडे येतला आणि त्याच्याकडे काळोख," तो म्हणाला.

"तुका याड लागला," शिवा म्हणाला, पण पैसे त्याने भरले.

रविवारी खरंच जितेंद्रकडून परत गेलेल्या दोन टीम दत्तप्रसादकडे आल्या. त्याचे सात ते नऊ भरले. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण भावाचा काळोख डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. टीमना खेळत सोडून तो स्कूटरवर निघाला.

टर्फवर लख्ख उजेड होता. जाळीआड शाळेतल्या पोरी खेळत होत्या आणि बॉलिंग करत होती त्याची स्वतःची लेक सृष्टी. विकेट पडली तशी ती धावत जाऊन जितेंद्रच्या गळ्यातच पडली. दत्तप्रसाद स्कूटरवरून उतरला. आपल्या गळ्यात ती अशी कधी पडली होती?

त्याला बघून ती जाळीशी आली. "बाबा! कोणीतरी बुक केल्यान आणि इलोच नाय. फोनय बंद. काकान पंधरा मिनटा वाट बघल्यान आणि आमका फुकट दिल्यान."

जितेंद्र मागून हसला. "आगाऊ पैसे दिल्यान ना त्यान. बरो माणूस आसतलो."

दत्तप्रसादला आठवलं, सृष्टीने आपल्याकडे संध्याकाळचा तास कितीदा मागितला होता, आणि आपण दर वेळी 'ती वेळ गिऱ्हाइकांची, तू दिवसा ये' म्हटलं होतं. दिवसा तिची शाळा असायची.

"बाय, उद्या आपल्याकडे ये," तो घाईने म्हणाला. "सातचो तास तुझो. रोज. पैसे नको."

सृष्टीने वळून मैत्रिणींकडे बघितलं. त्या तिची वाट बघत होत्या.

"नको बाबा," ती म्हणाली. "ती वेळ तुमच्या गिऱ्हाइकांची. आमची टीम आता हंयच जमली."

आणि ती बॉल घेऊन परत धावली.