तिन्ही चेहऱ्यांना होकार

गिऱ्हाईक समोर उभं असताना मिश्रीलालशेठनी कापड मोजायचा गज खाली ठेवून पत्र वाचायला घ्यावं, हे शिरपूरच्या पेठेत आजवर घडलं नव्हतं. लुगडं घ्यायला आलेली म्हातारी दोनदा खाकरली. शेवटी शेजारच्या दुकानात गेली, तरी शेठनी मान वर केली नाही.

पत्र धुळ्याहून आलं होतं, अभिमन चित्रकाराचं. अभिमन कोणाच्या नोकरीत नव्हता. कापसाच्या गाठींवरचे छाप, दुकानांच्या पाट्या, मेलेल्या माणसांचे मोठे केलेले फोटो, मिळेल ते काम आपल्या खोलीत बसून करायचा. शेठनी त्याच्याकडे बायकोची तसबीर करायला टाकली होती. गुलाबबाई मानमोडीच्या साथीत गेली त्याला आता वीस वर्षं झाली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. मारवाडी घरातली सून, पदर हनुवटीपर्यंत. ती कुठली फोटोवाल्यापुढे बसते! म्हणून शेठनी तिच्या भावाचा, धाकट्या बहिणीचा आणि आपल्या लेकीचा असे तीन फोटो पाठवले होते आणि लिहिलं होतं, यांतून हुबेहूब करा.

तसबिरीचा हट्ट लेकीचा होता. धनकुंवर जळगावला दिली होती. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. आता तिच्याच कडेवर मूल आलं आणि तिनं निरोप धाडला, की बापूजी, मला आईचं तोंड पाहायचं आहे.

शेठनी पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

‘रा. रा. मिश्रीलालजी शेठ यांस, कृतानेक नमस्कार वि. वि. आपले तिन्ही फोटो एकाच मापाचे करून घेतले. डोळ्यांवर डोळे येतील असे बसवून एकाच काचेवर तिन्ही उतरवले, प्रत्येकाला उजेड तिसऱ्या हिश्श्याचा दिला. जे तिघांत सारखे, ते ठसठशीत उठले. जे वेगळे, ते पुसट झाले. कान, केसांची रेघ आणि हनुवटी धुरकट आली आहे. बाईंच्या भावाच्या, म्हणजे मुलीच्या मामांच्या मिशीची सावली ओठावर राहिली, ती मी खोडून काढीन.

परंतु आधीच सांगणे भाग आहे. बहिणीच्या फोटोत उजेड डावीकडून आहे, मामांच्या फोटोत वरून. मामांना फार जवळून काढल्यामुळे त्यांचे नाक आहे त्याहून मोठे दिसते. या काचांना तांबडा रंग दिसत नाही, कुंकू काळे उमटते, गोरा माणूस सावळा येतो. तेव्हा बाईंची कांती मला यांतून कळणार नाही. आणि मुख्य गोष्ट अशी, की तीन तोंडांच्या मधले तोंड नेहमी देखणे निघते. कोणाची भुवई किंचित वर असते, कोणाचा ओठ एका बाजूला ओढलेला असतो, ते सारे त्यात झिजून जाते. पण माणूस ओळखू येतो तो त्या वाकडेपणावरूनच. मी करीन ते आपल्या घराण्याचे तोंड होईल, बाईंचे नव्हे.

ते वाकडेपण सांगणारा कोणी हवा. ज्याने बाईंना पाहिले आहे त्याने माझ्याजवळ बसावे, मी काढीत जाईन, त्याने चूक दाखवीत जावे. असे कोणी नसेल तर काम घेऊ नये असे मला वाटते. कारण ज्यांनी त्यांना पाहिले नाही ते हेच तोंड खरे धरतील आणि पुढे कोणालाच ते मनातून काढून टाकता येणार नाही. आपण स्वतः यावे, ही विनंती.’

ज्याने पाहिले आहे. शेठच्या मनात एकेक नाव आलं. शेठची आई तिला पाहायची रोज, ती गेली. दोन्ही भावजया गेल्या. गुलाबबाईचा भाऊ गेला, आणि बहीण इथून दूर मारवाडात, गुलाबबाईचं लग्न झालं तेव्हा ती अवघी सहा वर्षांची. राहिला कोण, तर नवरा.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून शेठ धुळ्याला गेले. लोक म्हणाले, शेठनी दुकान बंद ठेवलं म्हणजे कोणी तरी गेलं असणार.

अभिमननं त्यांना खिडकीपाशी बसवलं, चहा मागवला आणि बोलत बोलत पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर चेहरा काढला. नाक सरळ, हनुवटी आखूड. शेठनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, हो, अशीच होती. अभिमननं त्यावर दुसरा कागद ठेवला, खालच्या रेघा गिरवल्या, पण नाक थोडं बसकं केलं आणि डोळे जवळ आणले. शेठ म्हणाले, हां, हे अधिक जुळतं. तिसऱ्यात त्यानं कपाळ रुंद केलं आणि वरचा ओठ जरा पुढे काढला. शेठचे डोळे भरून आले. हीच, म्हणाले.

अभिमननं तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. कोणीही सांगितलं असतं, या तीन बायका एकमेकींच्या कोणी लागत नाहीत.

"शेठ," तो हळू म्हणाला, "तुम्ही तिन्हीस्ले हो म्हनात."

शेठ कागदांकडे पाहत राहिले. भर पेठेत कोणी पगडी उडवावी तसं त्यांचं तोंड झालं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? झाकली मूठ इतकी वर्षं सांभाळली होती. दुसरं लग्न केलं नाही म्हणून पेठेनं त्यांचं कौतुक केलं होतं, बायकोत जीव अडकला म्हणून. जीव अडकला होता हे खरंच होतं.

"मी तिना चेहरा धड दखाच नही, भाऊ," ते म्हणाले.

मग सांगत गेले. घरात चौदा माणसं. दिवसा नवऱ्यानं बायकोकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही. सासूसमोर तर नाहीच. रात्री खोलीत यायची ती पदर तसाच ठेवून, आणि पदर सरकायच्या आत दिवा जायचा. लाजच तशी होती. उजेडात तोंड पाहिलं ते शेवटच्या दिवशी, तापानं काळंनिळं पडलेलं, सुजलेलं. ते तिचं नव्हतं. ते विसरायला मात्र वीस वर्षं पुरली नाहीत.

 अभिमननं विचारलं, की लेकीसाठी तिन्हींतला एक पुरा करून देऊ का, तिला कुठं कळणार आहे. शेठनी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. ते चित्र फार गोड होतं. बोट तिथंच राहिलं, आणि मग त्यांनी ते उचलून घेतलं.

"नको. नंतर माले भी तीच खरी वाटी," ते म्हणाले.

त्यांनी आपले तीन फोटो रुमालात बांधले आणि शिरपूरला परत जाण्याऐवजी जळगावची मोटार धरली. एरंडोलला मोटार थांबली तेव्हा शेजारचा उतारू काहीबाही बोलत होता, शेठना त्यातलं अक्षर कळलं नाही. वीस वर्षं ते गुलाबबाईसाठी झुरले होते, आणि कोणासाठी, हे आज पहिल्यांदा त्यांना सांगता येत नव्हतं.

लेकीच्या सासरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही अशी रीत, म्हणून ते ओसरीवरच बसले. धनकुंवर मूल कडेवर घेऊन आली. तिनं आधी रुमालाकडे पाहिलं.

"तसबीर झाली नाही, बेटा. होणारही नाही."

"पण आई दिसायला कशी होती, ते तरी सांगा."

शेठनी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. दुकानात दिवसाला शंभरदा बोलत असतील. पण समोर लेक होती.

"तोंड मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "आपल्या खोलीत दिव्याचा कोनाडा उंच होता. मालवायला ती चवड्यांवर उभी राहायची. मग अंधारात माझ्यासमोर यायची, तेव्हा तिचं डोकं मला इथं लागायचं."

ते उठून उभे राहिले आणि तळहात आडवा धरून त्यांनी खांद्याच्या जरा खालची उंची दाखवली. हात हवेत तसाच राहिला.

धनकुंवरनं मूल खाली ठेवलं. ती बापासमोर येऊन उभी राहिली. आईपेक्षा ती दोन बोटं उंच होती. तिनं त्या हाताकडे पाहिलं, गुडघे थोडे वाकवले आणि त्याच्याखाली डोकं आणलं.

"एवढी?"

"हां," शेठ म्हणाले, "एवढी."

आतून सासूनं सुनेला हाक मारली. धनकुंवर वाकलेलीच राहिली.